‘नको’ म्हटलं, तरी डबा आला

समजा, शहरात घरगुती डबे पोचवणारी एक मेस आहे आणि तिचं एक अ‍ॅप आहे. सकाळी सव्वादहाला एका बाईंनी ऑफिसातून ‘आज डबा हवा’ हे बटण दाबलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी वाढदिवसाच्या जेवणाची आठवण करून दिली, म्हणून दोन सेकंदांत त्यांनी ‘नको’ दाबलं. ‘नोंद झाली’ अशी हिरवी खूणही उमटली. आणि साडेबाराला डबा दारात हजर! बाईंनी फोन केला, तर मेसवाले शपथेवर सांगतात, “ताई, आमच्याकडे ‘हवा’ असंच दिसतंय.” दोघंही खरं बोलत आहेत. कुठलंही यंत्र बंद पडलेलं नाही, की कुठल्याही नोंदवहीत चुकीचा लाल शेरा नाही.

दोष आहे घड्याळाचा. पण तो नेमका कसा, हे बघण्यासारखं आहे.

अशा अ‍ॅपची माहिती सहसा एका यंत्रावर नसते. एखादं बिघडलं तरी काम चालावं, म्हणून तीच नोंद दोन-तीन सर्व्हरवर असते आणि आपला फोन त्यांपैकी हाताशी येईल त्याच्याशी बोलतो. एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्या समोर आल्या की खरी कोणती, हे ठरवायला नियम हवा. अनेक ठिकाणी, उदाहरणार्थ कसांड्रा या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये, तो नियम अगदी साधा आहे: प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारायचा आणि ज्याचा शिक्का उशिराचा, ती नोंद ठेवायची. ऐकताना यात खोट काढायला जागा दिसत नाही.

आता आकडे घालून बघू. सर्व्हर दोन आहेत, अ आणि ब. संगणकाच्या आत वेळ मोजतो तो क्वार्ट्‌झचा एक बारीक स्फटिक, जवळपास आपल्या मनगटी घड्याळातल्यासारखाच. तो तापमानाने, वयाने थोडा पुढे-मागे धावतो. दहा लाख सेकंदांत वीस सेकंदांची चूक ही त्याच्यासाठी काही मोठी गोष्ट नाही. दिवसाचा हिशेब केला तर ही चूक सुमारे पावणेदोन सेकंदांची होते. म्हणूनच सर्व्हर दर काही मिनिटांनी नेटवर्कवरच्या अधिक विश्वासू घड्याळाला वेळ विचारत असतात. या पद्धतीचं नाव एनटीपी. समजा, फायरवॉलचे नियम बदलताना ही विचारपूस ज्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते ते अ सर्व्हरसाठी बंद झालं आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. अ चं घड्याळ ३.४५६ सेकंद पुढे गेलं. ब बरोबर आहे.

बाईंनी ‘हवा’ दाबलं तेव्हा खरी वेळ १०:१५:२०.००० होती. फोन अ शी बोलला, शिक्का पडला १०:१५:२३.४५६. दोन सेकंदांनी ‘नको’ दाबलं, या वेळी फोन ब शी बोलला आणि शिक्का पडला १०:१५:२२.०००. थोड्या वेळाने अ आणि ब यांनी नोंदी ताडून पाहिल्या. २३.४५६ हा आकडा २२.००० पेक्षा मोठा, म्हणून ‘हवा’ जिंकलं. दोन्ही सर्व्हरचं एकमत झालं, आणि ते एकमतानेच चुकले.

अशा व्यवस्थेत ‘पुसून टाका’ हीसुद्धा शिक्का मारलेली एक नोंदच असते. त्यामुळे पुसलेली गोष्ट परत उगवते, ती याच वाटेने. एखाद्या नोंदीवर चुकून पुढल्या वर्षीची तारीख पडली, तर वर्षभर त्यानंतर केलेला कोणताही बदल ‘जुना’ ठरून गुपचूप टाकला जातो.

घड्याळात फरक असणं हेच वाईट, असं मात्र नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं, १९५५ पर्यंत, मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ वापरात होती. गाडी चुकू नये म्हणून लोक ३९ मिनिटांचा हिशेब मनात करत. फरक ठाऊक असला की तो वजा करता येतो. सर्व्हरच्या घड्याळातला फरक किती, पुढचा की मागचा, हे त्या सर्व्हरलाच माहीत नसतं.

मग एनटीपी नीट चालू ठेवलं की झालं? बरंचसं होतं, पूर्ण नाही. विचारणारं यंत्र प्रश्न पाठवतं, उत्तर यायला लागलेला वेळ मोजतं आणि त्यातला निम्मा जाण्यात, निम्मा येण्यात गेला असं धरून चालतं. प्रश्न १० मिलिसेकंदांत पोचला आणि उत्तर गर्दीच्या वाटेने ५० मिलिसेकंदांत आलं, तर घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकतं. दोन्ही टोकांना हे कळायचा मार्ग नाही. माणसाला २० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. एकाच आवारातल्या दोन सर्व्हरमध्ये तेवढ्या वेळात निरोपांच्या कित्येक फेऱ्या होतात.

शिवाय वेळ दुरुस्त करताना घड्याळ कधी चक्क मागे नेलं जातं. १ जानेवारी २०१७ ला, आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजायच्या ऐन टोकाला, जगाच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सॉफ्टवेअरने दोन वेळांची वजाबाकी केली आणि उत्तर शून्याखाली आलं. झालेला वेळ उणे असू शकेल, हे ते लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं नव्हतं. त्यांच्या काही सर्व्हरवर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देण्याचं काम त्यामुळे अडखळलं.

वेळेचा नाद सोडून नुसता क्रम सांभाळण्याची युक्ती लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडली होती. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीवरून ती पटकन समजते. प्रत्येक कारकून आपल्या जावक पत्रांना चढते क्रमांक देतो. माझा शेवटचा क्रमांक ४० आहे आणि तुमच्याकडून ५७ क्रमांकाचं पत्र आलं, तर मी ४१ वर जायचं नाही. थेट ५८ द्यायचा. एवढ्याने उत्तराचा क्रमांक प्रश्नाच्या क्रमांकाहून कायम मोठा राहतो, भिंतीवरचं घड्याळ बंद असलं तरीही. उणीव एकच, पण मोठी. ५८ क्रमांकाचं पत्र सकाळी गेलं की मागच्या महिन्यात, हे क्रमांकावरून सांगता येत नाही. ‘काल रात्री दहा वाजता खाती कशी होती ते दाखवा’ असं लेखापालाने विचारलं, तर लॅमपोर्टचं घड्याळ गप्प बसतं.

या दोन टोकांची सांगड २०१४ मध्ये संदीप कुलकर्णी, मुरात देमिरबास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातली. तिचं नाव हायब्रिड लॉजिकल क्लॉक. शिक्क्याचे दोन भाग असतात: एक वेळ आणि तिच्यामागे एक छोटा क्रमांक. नवी नोंद करताना सर्व्हर तीन वेळा ताडून बघतो: स्वतःच्या घड्याळातली, स्वतःच्या मागच्या शिक्क्यातली आणि आलेल्या निरोपातली. त्यांतली सर्वांत पुढची वेळ तो घेतो. ती त्याच्या घड्याळाची निघाली, तर क्रमांक शून्य. ती आधीच्या एखाद्या शिक्क्यातलीच असेल, तर त्या शिक्क्याचा क्रमांक एकाने वाढवायचा. दोन शिक्क्यांची तुलना करताना आधी वेळ बघायची, वेळ सारखी असेल तरच क्रमांक.

डब्याकडे परत येऊ. अ ने ‘हवा’वर शिक्का मारला: १०:१५:२३.४५६, क्रमांक ०. घड्याळ अजून चुकलेलंच आहे, हे विसरू नका. पण या वेळी तो शिक्का उत्तरासोबत फोनवर आला, आणि ‘नको’ दाबल्यावर फोनने तो ब कडे नेला. ब च्या घड्याळात १०:१५:२२.००० वाजलेत. आलेला शिक्का त्याहून पुढचा, म्हणून ब ने तीच वेळ उचलली आणि क्रमांक वाढवला: १०:१५:२३.४५६, क्रमांक १. ताडताना ‘नको’ जिंकलं. दीड सेकंदाने ब चं स्वतःचं घड्याळ त्या वेळेच्या पुढे गेलं, त्यानंतरच्या नोंदीला पुन्हा घड्याळातली वेळ मिळाली आणि क्रमांक शून्यावर आला. घड्याळ मध्येच मागे सरकलं तरी शिक्का मागे जात नाही. वेळ जागेवर थांबते आणि क्रमांक वाढत राहतो.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे याचा आटोपशीरपणा. संपूर्ण शिक्का नेहमीच्या ६४ बिटांत बसतो, ४८ बिट वेळेला आणि १६ क्रमांकाला. शिवाय शिक्क्यातली वेळ खऱ्या वेळेपासून किती भरकटू शकते, याला मर्यादा आहे: घड्याळं जेवढी चुकलेली असतील तेवढीच, त्याहून जास्त नाही. म्हणून लेखापालाच्या प्रश्नालाही उत्तर देता येतं. मोंगोडीबी, युगाबाइट, कॉक्रोचडीबी या डेटाबेसमध्ये ही कल्पना आज रोजच्या वापरात आहे.

पण तिला न कळणारी एक गोष्ट आहे, आणि ती सहज घडते. समजा, बाईंनी ‘हवा’ दाबलं, लगेच नवऱ्याला फोन करून सांगितलं, “अरे, तू रद्द कर,” आणि त्याने स्वतःच्या मोबाइलवरून ‘नको’ दाबलं. त्याच्या मोबाइलकडे पहिला शिक्का आलेलाच नाही. निरोप गेला तो माणसांच्या बोलण्यातून, आणि ते बोलणं ब ला ऐकू येत नाही. पुन्हा २२.००० आणि २३.४५६, पुन्हा डबा दारात. इथे घड्याळं खरोखरच जवळ असावी लागतात. गूगलने स्पॅनर या डेटाबेससाठी जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली आणि नोंद पक्की करण्याआधी, घड्याळातली शंका फिटेपर्यंत, काही मिलिसेकंद मुद्दाम थांबायचं ठरवलं. प्रत्येकाला हा खर्च परवडत नाही.

दुसरी अडचण संसर्गाची. सर्वांत पुढची वेळ घ्यायची असा नियम असल्यामुळे एक घड्याळ तासभर पुढे असेल, तर त्याचा शिक्का निरोपागणिक सगळ्यांना चिकटतो. मग ते घड्याळ दुरुस्त केलं, तरी तासभर सगळ्यांची वेळ गोठलेली आणि फक्त क्रमांक वाढत असतात. त्यामुळे मर्यादेबाहेरच्या शिक्क्यांचे निरोप नाकारावे लागतात आणि घड्याळांवर पाळत ठेवावीच लागते. लिनक्सवर क्रोनी वापरात असेल, तर `chronyc tracking` ही आज्ञा दिली की `System time` या ओळीत आपलं घड्याळ किती सेकंद पुढे वा मागे आहे याचा अंदाज दिसतो. विचारपूसच बंद पडली असेल, तर हा अंदाज फसवा ठरतो; तेव्हा शेवटचं उत्तर कधी आलं ते सांगणारी `Ref time` ही ओळ बघायची. मेसच्या अ सर्व्हरवर दोन दिवसांत कुणीतरी ही आज्ञा द्यायला हवी होती. कॉक्रोचडीबीने हे काम माणसाच्या भरवशावर ठेवलेलं नाही. तिथे मूळ सेटिंगनुसार दोन घड्याळांत जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंदांचा फरक चालतो. आपलं घड्याळ निम्म्या सोबत्यांपासून ४०० मिलिसेकंदांहून अधिक दूर गेलंय असं दिसलं, की तो सर्व्हर स्वतःहून बंद होतो.