फोटोतल्या ताटातलं प्रोटीन

जिमहून आलेल्या तरुणाच्या ताटाचा फोटो: दोन उकडलेली अंडी, वाटीभर वरण, चिकन आणि भात. अंड्यांचा हिशोब सोपा, प्रत्येकी सुमारे 6 ग्रॅम. भातातून जेमतेम 4.

वरणात फोटो फसवतो, कारण वाटीत डाळ किती आणि पाणी किती हे वरून कळत नाही. 30 ग्रॅम कोरडी तूरडाळ असेल तर साडेसहा ग्रॅम प्रोटीन; पातळ वरणात त्याच्या निम्मंही भरेल.

खरी गफलत चिकनमध्ये होते. शिजलेल्या 100 ग्रॅम बिनहाडी छातीच्या मांसात सुमारे 30 ग्रॅम, कच्च्यात मात्र 22-23, कारण शिजताना पाणी उडतं. तुकडे हाडांसकट असतील तर आकडा आणखी घसरतो. म्हणून या ताटाचा अंदाज 40 ते 53 ग्रॅम असाच सांगावा.