रक्त येते तिथेच ब्रश हवा

सकाळी ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. त्या जागेवरून ब्रश उचलतात. पुढचे काही दिवस तो कोपरा चुकवून दात घासतात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात आणि ठणका कमी झाला की विषय सोडून देतात. जखमेला धक्का लावू नये, असा यामागचा विचार आहे आणि हाता-पायाच्या जखमेला तो लागूही पडतो. पण हिरडीतून येणारे हे रक्त सहसा ब्रश लागल्यामुळे येत नाही. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर जंतूंचा मऊ, चिकट थर साचलेला असतो. शरीर त्याच्याशी झुंजते म्हणून तिथला रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल होऊन फुगते आणि तिचा आतल्या बाजूचा पातळ पडदा इतका नाजूक होतो की मऊ ब्रशच्या स्पर्शानेही तो फाटतो. ब्रश थांबवला तर रक्त दिसणे काही दिवस कमी होईल, पण थर वाढत राहील. म्हणून माझे म्हणणे असे आहे की रक्त येते त्याच जागी अलगद आणि नेमाने ब्रश फिरवायचा आणि दोन आठवड्यांनी काय होते ते पाहायचे. हिरडीचे दुखणे घरी आवरणारे आहे की दंतवैद्याच्या हाताने साफ करून घेण्याजोगे आहे, हे बहुतेकांच्या बाबतीत त्या दोन आठवड्यांत कळते.

ही मुदत मनाने ठरवलेली नाही. १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांची १२ माणसे त्यांनी निवडली. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. या सर्वांनी दात घासणे पूर्ण बंद केले. कोणाला १० दिवसांत, कोणाला २१ दिवसांत, पण प्रत्येकाला हिरडीचा दाह झाला. एकही सुटला नाही. मग त्यांनी पुन्हा दात घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ना औषध, ना काढा, ना जीवनसत्त्वाच्या गोळ्या. थर साचला की दाह होतो आणि थर निघाला की तो ओसरतो, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी कोणी दाखवले नव्हते. माणसे निरोगी आणि तरुण होती, ही या प्रयोगाची मर्यादा खरी. म्हणूनच आपण एका आठवड्याऐवजी दोन आठवडे धरू.

आता ‘अलगद’ म्हणजे काय ते नीट सांगायला हवे, कारण इथेच गडबड होते. ब्रश मऊ केसांचा घ्यावा आणि दाताशी साधारण ४५ अंशांत असा तिरका धरावा की केसांची टोके हिरडीच्या कडेवर टेकतील. मग एका जागी अगदी लहान थरथर देत आठ-दहा वेळा हलवून पुढच्या दोन-तीन दातांकडे सरकावे. आडवे, जोरात घासले तर दाताचे पोट चकाकते, पण कडेवरचा थर तसाच राहतो आणि हिरडी मात्र मागे सरते. ब्रश मुठीत न धरता बोटांनी लेखणीसारखा धरला की जोर आपोआप कमी होतो. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, आणि रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. दोन दातांमधल्या जागेत ब्रश पोहोचत नाही आणि दाह अनेकदा तिथेच सुरू होतो. त्यासाठी रोज एकदा दातांमधून फिरवायचा दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश वापरावा. पहिले तीन-चार दिवस रक्त येईल, कदाचित आधीपेक्षा जास्तही. त्याला घाबरून थांबू नये.

मिठाच्या पाण्याचे स्थानही इथेच ठरते. पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवले की ते पाणी आपल्या रक्तातल्या क्षारतेच्या जवळपास येते, किंचित जास्तच. त्यामुळे ते झोंबत नाही, सुजलेल्या हिरडीला आराम देते आणि सुटे अन्नकण धुऊन काढते. तोंडात अर्धा मिनिट खळखळवून थुंकावे, दिवसातून दोन-तीनदा, आठवडाभर. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते गिळू नये, एवढेच पथ्य. मात्र चिकटलेला थर या पाण्याने निघत नाही आणि दगडासारखा झालेला तर नाहीच नाही. गुळण्या ब्रशच्या जोडीला असाव्यात, त्याच्या जागी नव्हेत. मीठ आणि तेल बोटावर घेऊन हिरड्या चोळण्याची आपल्याकडची जुनी सवय मला इथे नको वाटते. कोरड्या मिठाचे खडे सुजलेल्या हिरडीला ओरबाडतात. खरखरीत लाल दंतमंजनांचेही तेच. औषधी माउथवॉशपैकी क्लोरहेक्सिडिनचा उपयोग होतो, पण तो दंतवैद्याच्या सांगण्यावरून आणि थोड्या दिवसांसाठीच. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते.

दिल्ली परिसरात यावर एक आक्षेप हमखास येतो, तो पाण्याचा. गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद इथल्या अनेक सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते. नळांवर पांढरा थर धरतो आणि गीझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. मग दातांवरचे कीटणही त्याच पाण्याचे, असे लोक मानतात. तर्क पटण्याजोगा वाटतो, पण कीटण बनते ते लाळेतून. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट मुळातच असतात. जंतूंचा मऊ थर जागेवर राहिला की ते त्यात उतरतात. दोन-तीन दिवसांत थर कडक व्हायला लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत पक्के कीटण होते. चूळ भरताना पाणी तोंडात काही सेकंद असते, लाळ चोवीस तास असते. म्हणूनच कीटण सर्वांत जास्त धरते ते लाळेच्या ग्रंथी जिथे उघडतात तिथे, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. पाणी कारण असते तर ते सगळीकडे सारखे दिसले असते. आरओचे पाणी पिणाऱ्यांच्या तोंडातही ते याच जागी सापडते.

यावरून दोन आठवड्यांच्या परीक्षेचा निकाल कसा वाचायचा ते पाहू. समजा, मयूर विहारमध्ये राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका बाईंच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही हिरड्यांतून रक्त येते. त्या सांगितल्याप्रमाणे ब्रश आणि फ्लॉस करतात. दहाव्या दिवशी वरच्या हिरड्या फिकट गुलाबी आणि घट्ट होतात, रक्त थांबते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे मात्र रोज रक्त येतेच. जीभ फिरवली तर तिथे खडबडीत लागते, आरशात पिवळसर कड दिसते. वरच्या बाजूला मऊ थर होता, तो निघाला. खाली कीटण आहे. ते स्वतः जंतू नव्हे, पण त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर रोज बसतो आणि ब्रश त्याखाली पोहोचत नाही. आणखी दोन महिने घासूनही ते निघणार नाही. इथे घरचा उपाय संपतो आणि दात साफ करून घेण्याची गरज सुरू होते. बहादूरशाह जफर मार्गावरील मौलाना आझाद दंत विज्ञान संस्थेत किंवा एम्सच्या दंत केंद्रात हे काम सरकारी व्यवस्थेत होते. जवळचा दंतवैद्यही ते करतो.

त्या खुर्चीवर पहिल्यांदा मोजमाप व्हायला हवे, आणि होत नसेल तर ते मागून घ्यावे. दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीत खुणा असलेली बारीक, बोथट सळई घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा अधिक असेल तर आजार हिरडीच्या आत उतरला असण्याची शक्यता असते आणि एक्स-रेमध्ये दाताभोवतीचे हाड झिजले आहे का ते पाहावे लागते. ब्रश हिरडीखाली जेमतेम एक मिलिमीटर जातो, म्हणून खोल फट घरी साफ होऊ शकत नाही. हाड शाबूत असेल तर कंप पावणाऱ्या, पाण्याचा फवारा सोडणाऱ्या उपकरणाने कीटण काढले की बहुधा भागते. हाड झिजले असेल तर जागा बधिर करून मुळांपर्यंत सफाई करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फटी मोजतात. झिजलेले हाड सफाईने परत येत नाही, झीज थांबते. तेवढ्यासाठीच लवकर जायचे.

‘सफाई केली की दात सैल होतात, फटी पडतात’ ही भीती मराठी घरांतही आहे आणि ती अनुभवावर आधारलेली आहे, म्हणून तिला नुसते हसून चालणार नाही. सफाईनंतर सुजलेली हिरडी आक्रसते आणि कीटणाने भरलेली जागा मोकळी होते. फट आधीच होती, ती उघडी पडते. हाड आधीच गेलेला दात कीटणाच्या टेकूवर उभा असेल तर टेकू निघाल्यावर हलतो. थंड पाणी काही दिवस झोंबते, दिल्लीच्या जानेवारीत ते जास्त जाणवेल. दुसरा आक्षेप आजोबांचा. त्यांनी कधी सफाई केली नाही आणि दात शेवटपर्यंत टिकले. अशी माणसे असतात. याच लो यांनी १९७० पासून श्रीलंकेतील चहामळ्यांच्या ४८० पुरुष मजुरांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतोपचारही मिळत नव्हते. त्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या दाहापुढे गेलाच नाही. पण सुमारे ८ टक्क्यांचे दातांभोवतीचे हाड झपाट्याने गेले आणि उरलेल्यांचे मध्यम गतीने. आपण त्या ११ टक्क्यांत आहोत की नाही, हे आजोबांवरून ठरत नाही, सळईने मोजून ठरते.

काहींनी मात्र दोन आठवडे थांबूच नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत दिल्लीत डेंग्यू असतो. ताप असताना किंवा नुकताच उतरला असताना हिरडीतून रक्त आले, तर ते डेंग्यूचे धोक्याचे लक्षण समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपोआप रक्त झिरपणे, अंगावर निळे डाग पडणे, पू येणे, गाल सुजणे, दात हलू लागणे, यांतही वाट पाहू नये. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये, पण डॉक्टरांना कळवावे. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींची हिरडी वाढते, तेही सांगावे. मधुमेहींमध्ये हिरडीचा आजार जोरात वाढतो आणि त्यांच्यात योग्य उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ने उतरल्याचे दिसते. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी ही सगळी परीक्षाच अपुरी आहे. निकोटिनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते किंवा येतच नाही, आणि आतले हाड मात्र झिजत राहते. त्यांनी रक्ताची वाट न पाहता दरवर्षी फटी मोजून घ्याव्यात.