गच्चीवरची टाकी खरंच तासात भरेल का?

इमारतीच्या नकाशात पाणीपुरवठ्याच्या तक्त्यात साधारणपणे एकच ओळ असते: टाकी इतक्या लिटरची, भरण्याचा वेळ इतका, पंप इतक्या एचपीचा. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्यासाठी बेरीज-गुणाकार पुरतो. मात्र नकाशातली मापं नीट वाचावी लागतात.

उदाहरणादाखल एक इमारत घेऊ. खाली पार्किंग, त्यावर सात मजले आणि एकूण २८ फ्लॅट. नकाशात गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची दाखवली आहे, ती भरायला १ तास आणि पंप १ एचपीचा.

सुरुवात गरजेपासून करावी. घरटी पाच माणसं धरली तर १४० रहिवासी होतात. भारतीय मानकांनुसार सर्वसाधारणपणे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे दिवसाला १८,९०० लिटर. टाकी दिवसातून दोनदा भरली की भागतं. आग विझवण्यासाठी राखलेलं पाणी या हिशेबात धरायचं नाही.

मग टाकीचं माप. टाकीची आतली लांबी व रुंदी २.५ मीटर आणि उंची १.८ मीटर आहे. वरचे २० सेंटिमीटर मोकळे सोडले तर पाण्याची खोली १.६ मीटर राहते आणि गुणाकार १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर येतो. मापं भिंतींच्या बाहेरून घेतली तर हाच आकडा फुगतो, म्हणून ती आतलीच आहेत ना, हे पाहावं. १०,००० लिटर तासाभरात चढवायचे तर पंपाने मिनिटाला सुमारे १६७ लिटर, म्हणजे सेकंदाला २.७८ लिटर पाणी द्यायला हवं.

खरी गफलत उंचीत होते. हिशेब करणाऱ्याने सात मजले गुणिले ३ मीटर, म्हणजे २१ मीटर धरले. पण पाणी जमिनीखालच्या टाकीतून निघतं आणि गच्चीवरच्या टाकीच्या तोंडाशी पडतं. पार्किंगचे ३ मीटर मिळवले की गच्ची २४ मीटरवर येते. खालच्या टाकीतली पाण्याची सर्वांत खालची पातळी जमिनीच्या २.५ मीटर खाली आहे, आणि वरच्या टाकीत पाणी पडतं ती जागा गच्चीपासून ३.५ मीटर उंच. म्हणजे प्रत्यक्ष चढ ३० मीटरचा आहे.

त्यात पाइपमधल्या घर्षणाची भर पडते. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या ४० मीटर पाइपमध्ये या प्रवाहाला सुमारे २ मीटर उंचीइतका दाब खर्च होतो. एल्बो, व्हॉल्व्ह आणि पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांच्यासाठी आणखी २ मीटर धरले की एकूण ३४ मीटर होतात. व्यास ३२ मिलिमीटर केला तर एकट्या पाइपमधलं घर्षणच १८ मीटरच्या घरात जातं. पाइपवर वाचवलेले पैसे मग विजेच्या बिलात जातात.

आता पंपाची ताकद. सेकंदाला लागणारे लिटर, ९.८१ आणि मीटरमधली एकूण उंची यांचा गुणाकार केला की पाण्याला द्यावी लागणारी शक्ती वॅटमध्ये मिळते. इथे ती सुमारे ९२७ वॅट येते. पण पंप मोटरकडून मिळालेली सगळी शक्ती पाण्याला देत नाही. लहान पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर मोटर १,८५४ वॅटची लागते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे आकडा अडीच एचपीच्या आसपास येतो आणि थोडी सवड ठेवून ३ एचपीचा पंप घ्यावा लागतो. नकाशातला १ एचपी कुठून आला, तेही यावरून कळतं. २१ मीटर उंची धरून आणि कार्यक्षमता सोडून दिली की पाऊण एचपीच्या थोडं वर उत्तर येतं, आणि तेच पुढे १ करून लिहिलं गेलं.

तेवढ्याच कार्यक्षमतेचा १ एचपीचा पंप बसवला तर टाकी भरायला सुमारे सव्वादोन तास लागतील. त्या वेळात नळ चालू राहिले तर आणखी जास्त. त्या पंपाची पाणी चढवण्याची कमाल मर्यादाच ३० मीटरच्या आत असेल तर मोटर फिरत राहील आणि वर थेंबही पोचणार नाही. म्हणून नुसत्या एचपीवर जाऊ नये. उत्पादकाच्या तक्त्यात ३४ मीटर उंचीला तो पंप मिनिटाला १६७ लिटर देतो का, ते पाहावं. नामपट्टीवर कमाल उंची आणि कमाल प्रवाह शेजारी शेजारी लिहिलेले असतात, पण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

पंप बसल्यावर पडताळणी टाकीतच करता येते. टाकीतून खाली जाणारे व्हॉल्व्ह बंद करून पंप सुरू करावा आणि पाणी १० सेंटिमीटर चढायला लागणारा वेळ मोजावा. या टाकीत १० सेंटिमीटर म्हणजे ६२५ लिटर. पंप हिशेबाप्रमाणे चालत असेल तर पावणेचार मिनिटं लागतील. आठ-साडेआठ मिनिटं लागली तर टाकी तासात भरणार नाही, आणि उंची, पाइपचा व्यास व पंप यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.