टोकन देण्याआधी विचारायचा प्रश्न

मुंबई-ठाण्यात किंवा पुण्यात भाड्याचं घर शोधताना पाणी, पार्किंग, डिपॉझिट याबद्दल माणूस बिनधास्त बोलतो. घरात मासे शिजवले तर चालतील का, गणपतीला पाहुणे आले तर कुणाची हरकत असेल का, हे विचारताना मात्र अडखळतो. मग एजंटच्या ‘चालतं हो, कोण बघतंय’वर विसंबून टोकन दिलं जातं आणि दुसऱ्याच रविवारी सेक्रेटरींचा फोन येतो.

प्रश्न नेमका विचारला नाही, तर उत्तरही नेमकं मिळत नाही. ‘नॉनव्हेज चालतं ना?’ एवढंच विचारलं, की मालक ‘हो’ म्हणतात. त्यांच्या मनात मात्र असतं, की बाहेरून मागवून खा, घरात शिजवू नका. कुठे अंडी चालतात, मासे नाहीत. कुठे मालकांची काहीच हरकत नसते, पण मजल्यावरच्या शेजाऱ्यांची असते. म्हणून आपल्या घरात काय होतं ते सरळ सांगून विचारावं. समजा, मूळचं मालवणचं एक जोडपं घाटकोपरला घर बघतंय. त्यांनी मालकांना असा निरोप पाठवावा:

‘नमस्कार काका, घर आम्हाला आवडलं. टोकन देण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा मासे आणि कधीमधी मटण शिजतं. गणपती दीड दिवसांचा असतो, आरतीला वीस-पंचवीस माणसं येतात. स्पीकर लावत नाही, रात्री दहाच्या आत सगळं आटोपतं. याला तुमची किंवा सोसायटीची काही हरकत आहे का? असल्यास मोकळेपणाने सांगा, म्हणजे आम्ही दुसरीकडे बघू.’

या निरोपात आर्जव नाही आणि भांडणही नाही. ‘शिजतं’ हा शब्द आहे, माणसांचा अंदाज आहे, वेळ आहे. ‘तुमची किंवा सोसायटीची’ असं वेगळं विचारलंय, ते फार महत्त्वाचं, कारण या दोन हरकतींचं वजन सारखं नसतं.

मालकाने घातलेली अट करारात आली आणि आपण सही केली, की ती पाळावी लागते. सोसायटीचं तसं नाही. तिचा कारभार उपविधींवर चालतो आणि राज्याच्या आदर्श उपविधींत घरात काय शिजवावं याबद्दल नियम नाही. तरीही सेक्रेटरी ‘आमच्याकडे नियम आहे’ म्हणाले, तर तो उपविधींत आहे की सभेच्या ठरावात, हे नम्रपणे विचारावं आणि मालकांकरवी त्याची प्रत मागावी. बऱ्याचदा कागद नसतोच, नुसती प्रथा असते. पण प्रथेचे चटकेही बसतातच. लिव्ह अँड लायसन्सच्या छापील मसुद्यात ‘सोसायटीचे सर्व नियम पाळावे लागतील’ असं एक वाक्य हमखास असतं आणि पुढे त्याच वाक्यावर बोट ठेवलं जातं. त्यामुळे सही करण्याआधी त्याला जोडून एक ओळ घालून घ्यावी: घरात मांसाहार शिजवायला मालकांची हरकत नाही, आणि त्यावरून राहणं अशक्य झालं तर लॉक-इनची रक्कम न कापता घर सोडता येईल. दलाली, टेम्पोचं भाडं आणि अडकलेलं डिपॉझिट यांचा विचार केला, तर ही ओळ मागताना संकोच करू नये.

सणाचं गणित थोडं वेगळं आहे. आरती, इफ्तार, नाताळचं जेवण घराच्या चार भिंतींत असेल, तर कळवून ठेवणं हा शेजारधर्म. गच्ची, लॉबी किंवा हॉल हवा असेल, तर मात्र समितीची परवानगी लागते. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून अर्ज मालकांच्या नावाने गेलेला बरा. स्पीकरवर रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानेच बंदी आहे. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण घरातल्या कार्यक्रमाने त्या भरवशावर राहू नये.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. कधी कधी खाण्याचा प्रश्न पुढे करून खरं तर आडनाव, जात, धर्म विचारला जातो. ते अन्यायाचंच आहे. पण राज्यघटनेचं पंधरावं कलम मुख्यतः सरकारला बांधतं. खासगी मालकाने घर नाकारलं, तर भाडेकरूच्या हाती फारसं काही उरत नाही. ‘आमच्याकडे फॅमिली बघून देतो’ असं गुळमुळीत उत्तर आलं, तर ते नकारच समजावं आणि तिथे पैसे अडकवू नयेत.

शेवटी कागदाबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तरी त्या तरतुदीवर विसंबून राहू नका. मालकांनी फोनवर ‘हरकत नाही’ म्हटलं, तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ असं लिहून त्यांचा होकार घ्या आणि मगच टोकन द्या.