भाडं हातात किती, करात किती

घर भाड्याने देणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यातला हिशोब सरळ असतो. भाडं आलं, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम आणि एजंटची दलाली गेली, उरलं ते उत्पन्न. आयकर कायद्याचा हिशोब मात्र असा चालत नाही. कायदा खऱ्या खर्चाची पावती मागत नाही आणि ती दाखवली तरी मान्य करत नाही. तो ठरलेल्या क्रमाने तीनच गोष्टी वजा करतो: मालमत्ता कर, उरलेल्या रकमेच्या 30 टक्के, आणि कर्जाचं व्याज. हा क्रम नीट कळला की घरभाड्याच्या कराचा निम्मा गुंता सुटतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात एका नोकरदाराने दुसरा फ्लॅट घेतला आणि तो लिव्ह अँड लायसन्सवर 28,000 रुपये महिन्याने दिला. वर्षाचं भाडं झालं 3,36,000. महापालिकेचा मालमत्ता कर त्याने त्याच वर्षी भरला, 16,000 रुपये. (पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता करात 40 टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती जाते, हे घर देतानाच लक्षात घ्यावं.) भाड्यातून कर वजा करून उरले 3,20,000. कायद्याच्या भाषेत हे निव्वळ वार्षिक मूल्य.

मालमत्ता कराच्या दोन अटी आहेत. तो मालकानेच भरलेला हवा आणि त्याच आर्थिक वर्षात भरलेला हवा. भाडेकरूने परस्पर भरला असेल तर वजावट नाही. उलट, मागच्या दोन वर्षांची थकबाकी मालकाने या वर्षी एकदम भरली, तर ती सगळी या वर्षीच वजा होते. बिल कोणत्या वर्षाचं आहे ते इथे बघत नाहीत, पैसे कधी भरले ते बघतात.

आता प्रमाणित वजावट. 3,20,000 च्या 30 टक्के म्हणजे 96,000 रुपये. अनेकजण हे 30 टक्के पूर्ण भाड्यावर, म्हणजे 3,36,000 वर काढतात आणि 1,00,800 लिहून मोकळे होतात. आधी मालमत्ता कर, मग 30 टक्के, हाच क्रम. या 96,000 मध्ये दुरुस्ती, रंग, विमा, भाडं वसूल करण्याचा खर्च, दलाली असं सगळं धरलेलं आहे. या वर्षी तुम्ही घरावर एक रुपयाही खर्च केला नसेल तरी 96,000 मिळतात, आणि पाइपलाइन बदलायला दीड लाख गेले तरी 96,000 च मिळतात. 2001 च्या अर्थ कायद्याआधी दुरुस्तीसाठी चौथा हिस्सा आणि विमा, जमिनीचं भाडं वगैरेंची वेगळी वजावट असायची. तेव्हा ते सगळं काढून हा एकच आकडा आणला. माझ्या मते हा सौदा एकंदरीत घरमालकाच्या फायद्याचा आहे. नव्या इमारतीतल्या फ्लॅटवर दरवर्षी भाड्याच्या 30 टक्के खर्च सहसा होत नाही. मुंबईतल्या जुन्या, सतत डागडुजी मागणाऱ्या इमारतीतल्या मालकाला मात्र तो अपुरा पडतो.

सोसायटीच्या मेंटेनन्सवरून सगळ्यात जास्त वाद होतात. पुण्या-मुंबईत तो महिना तीन-चार हजार सहज असतो, आणि तो भाड्यातून आधीच वजा करून रिटर्नमध्ये कमी भाडं दाखवण्याची सवय फार पसरलेली आहे. खातं सांगतं की तो 30 टक्क्यांत आलाच. काही प्रकरणं अपिलात करदात्याच्या बाजूने गेली आहेत, पण त्या भरवशावर परस्पर कमी भाडं दाखवणं म्हणजे नोटिशीला आमंत्रण. करार करतानाच मेंटेनन्स भाडेकरूने थेट सोसायटीला भरायचा असं लिहून घेतलं आणि भाडं तेवढं कमी ठेवलं, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आपल्या उदाहरणात आता 2,24,000 उरले. तिसरी पायरी व्याजाची. या नोकरदाराने 55 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी 8.7 टक्क्यांनी घेतलंय. हप्ता साधारण 48,400 रुपये. पहिल्या वर्षी तो एकूण 5,81,000 च्या आसपास भरतो. त्यातलं व्याज सुमारे 4,74,000 आणि मुद्दल जेमतेम 1,07,000. वजा होतं ते फक्त व्याज, अख्खा हप्ता नाही. बँक दरवर्षी व्याजाचं प्रमाणपत्र देते, त्यात दोन्ही आकडे वेगळे असतात. पासबुकातल्या हप्त्यांची बेरीज करून ती व्याज म्हणून टाकली की चूक झालीच.

भाड्याच्या घराच्या व्याजावर रकमेची मर्यादा नाही. स्वतः राहत असलेल्या घराला दोन लाखांची आहे, तिथल्या नियमाची इथे गल्लत होते. पण कर्ज घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी घेतलेलं हवं. घर तारण ठेवून मुलीच्या लग्नाला टॉप-अप कर्ज काढलं, तर तारण घर असूनही त्याचं व्याज इथे चालत नाही. पैसा कुठे लागला ते महत्त्वाचं. एका बँकेकडचं गृहकर्ज दुसरीकडे हलवलं, तर मूळ कर्ज फेडण्यापुरत्या नव्या कर्जाचं व्याज मात्र चालतं.

बांधकाम लांबलेल्या फ्लॅटचं व्याज वाया जात नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. समजा बिल्डरने ताबा नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. तर 31 मार्च 2024 पर्यंत भरलेल्या सगळ्या व्याजाची बेरीज करायची आणि तिचे पाच समान भाग 2024-25 पासून पाच वर्षांत वजा करायचे. ती बेरीज 9,00,000 असेल तर दरवर्षी 1,80,000, त्या वर्षीच्या चालू व्याजाशिवाय. म्हणून ताबा मिळण्याआधीच्या वर्षांची बँकेची प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. ती न सापडल्याने लोक हा हक्क सोडून देतात, हे पाहून वाईट वाटतं.

उदाहरणाकडे परत येऊ. 2,24,000 मधून 4,74,000 वजा केले तर उणे 2,50,000. म्हणजे घराच्या सदरात अडीच लाखांचा तोटा. इथे करप्रणालीचा प्रश्न येतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वजा करता येतो, पण वर्षाला जास्तीत जास्त दोन लाख. उरलेले 50,000 पुढे आठ वर्षांपर्यंत नेता येतात आणि ते फक्त घराच्याच उत्पन्नातून वळते होतात. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, 30 टक्केही मिळतात, पण उणे आलेला आकडा पगाराला हात लावू शकत नाही. घराचं उत्पन्न शून्यावर थांबतं.

ऐकून वाटतं की जुनीच बरी. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा दोन लाखांवरचा कर सेससह 62,400 वाचतो. बरेच जण या एका आकड्यासाठी जुनी प्रणाली धरून बसतात. आता पूर्ण गणित मांडू. पगार 18 लाख, वर्ष 2025-26, व्यवसाय कर बाजूला ठेवू. जुन्या प्रणालीत पगाराची 50,000 वजावट, घराचा दोन लाख तोटा आणि गुंतवणूक व कर्जाचं मुद्दल मिळून 80सी ची दीड लाख वजावट घेतली, तर करपात्र उत्पन्न 14,00,000 आणि कर सेससह 2,41,800. नव्या प्रणालीत फक्त पगाराची 75,000 वजावट घेतली तर करपात्र उत्पन्न 17,25,000, पण कर 1,50,800. तोटा वाया घालवूनही 91,000 रुपये वाचले. पुष्कळ वजावटी असणाऱ्यांचं गणित वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्हीकडे मांडूनच पाहावं. तरी एक गोष्ट खटकते. भाड्यापेक्षा व्याज जास्त भरणारा माणूस हा तोटा खिशातून सोसतो, आणि नव्या प्रणालीत तो पगारातून वजा न होणं न्याय्य वाटत नाही.

कर्ज नसलेल्या मालकाला, उदाहरणार्थ निवृत्त माणसाला, व्याजाची पायरीच नाही. त्याच फ्लॅटचे 2,24,000 सरळ उत्पन्नात जमा होतात. भाडं वाटून घेण्यासाठी पत्नीचं नाव करारात घालण्याचा सल्ला अनेकजण देतात. पण मालकीत आणि पैशात तिचा खरा हिस्सा नसेल, तर उत्पन्न नवऱ्याच्याच माथी पडतं.

घर रिकामं राहिलं तर? मधे दोन महिने भाडेकरू मिळाला नाही म्हणून भाडं दहाच महिन्यांचं आलं, तर ते दहा महिन्यांचंच धरतात. भाडं बुडवणाऱ्या भाडेकरूचंही न मिळालेलं भाडं वगळता येतं, पण त्याने घर सोडलेलं असणं किंवा त्याला काढण्याची पावलं उचललेली असणं, वसुलीसाठी कायदेशीर पाऊल उचलणं (किंवा ते व्यर्थ ठरेल हे पटवून देणं) अशा अटी आहेत. ‘देतो देतो’ म्हणणाऱ्या भाडेकरूचं भाडं नुसतं सोडून देऊन भागत नाही.

भाडं लपवणं आता अवघड झालंय. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं भरणारा नोकरदार घरभाडे भत्त्याची सवलत मागतो तेव्हा घरमालकाचा पॅन देतो. महिना 50,000 च्या वर भाडं भरणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो, ऑक्टोबर 2024 पासून तो 2 टक्के आहे. मालक परदेशी राहत असेल, जसे अमेरिकेत स्थायिक झालेले आपले कित्येकजण, तर नियम वेगळे आणि कापायचा दर बराच जास्त. तो न कापणारा भाडेकरू स्वतःच अडचणीत येतो.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा आयकर कायदा, 2025 ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, हा हिशोब मात्र तोच राहिला. रिटर्न भरायला बसण्याआधी महापालिकेची पावती, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र आणि भाड्याचा करार समोर घ्या, खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातला भाड्याचा आकडा जुळवा, आणि कर दोन्ही प्रणालींत काढून बघा.