सर्वांना लस नव्हे, रुग्णाभोवती कडे : देवीच्या निर्मूलनामागील गणित

मे १९७४ मध्ये बिहारमध्ये एकाच आठवड्यात देवीच्या आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यानंतर एका वर्षाने, मे १९७५ मध्ये, याच राज्याच्या कटिहार जिल्ह्यातील पचेरा गावात देशांतर्गत संसर्गाचा अखेरचा रुग्ण आढळला. या वर्षभरात राज्यातील प्रत्येकाला लस टोचण्यात आली नव्हती. लस कोणाला आणि कधी टोचायची, याचा विचार मात्र बदलला होता.

राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, तेव्हा किमान ८० टक्के लोकसंख्येच्या लसीकरणाचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सहज हाती लागणाऱ्या शाळकरी मुलांनाच पुन्हा पुन्हा लस टोचली जाई. तान्ही मुले, स्थलांतरित मजूर आणि वस्तीच्या कडेला राहणारी कुटुंबे वगळली जात. दाट लोकवस्तीच्या प्रदेशात वगळलेल्यांची ही संख्याही रोगाची साखळी टिकवून ठेवण्यास पुरेशी होती.

पर्यायी मार्ग नायजेरियात सापडला. १९६६च्या अखेरीस त्या देशाच्या पूर्व भागात साथ पसरली, तेव्हा अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांच्याकडे लसीचा साठा अपुरा होता. त्यांनी बिनतारी संदेश यंत्रणेद्वारे गावोगावच्या मिशनऱ्यांकडून रुग्णांची माहिती मिळवली आणि प्रामुख्याने रुग्णांच्या भोवती लसीकरण केले. साथ आटोक्यात आली.

कडे कसे काम करते?

हे शक्य झाले ते रोगाच्या स्वभावामुळे. देवीचा विषाणू माणसाखेरीज अन्य प्राण्यांत टिकून राहत नाही. संसर्गानंतर साधारण बारा दिवसांनी ताप येतो, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पुरळ उठते आणि मुख्यतः तेव्हापासूनच रोग पसरतो. पुरळ चेहऱ्यावर व हातापायांवर दाट असल्याने रुग्ण ओळखता येतो. संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचलेली लसही बहुतेकदा रोग टाळते किंवा सौम्य करते.

एक उदाहरण घेऊ. एका घरातील मुलाच्या अंगावर एक तारखेला पुरळ उठले आणि पथक सात तारखेला तेथे पोहोचले. पहिल्याच दिवशी संसर्ग झालेल्या घरातील व्यक्तींसाठी ती लस उशिराची ठरू शकते. त्यांच्यापैकी काहींना पंधरा तारखेच्या सुमारास पुरळ उठेल. परंतु तोवर शेजारच्या घरांतील लोकांच्या लसीला आठवडा उलटलेला असेल. म्हणजे कडे मुख्यतः रोगाची पुढची पिढी अडवते.

म्हणून रुग्णाच्या घरातील आणि संपर्कातील सर्वांना प्रथम, मग शेजारच्या घरांना आणि अखेर संपूर्ण गावाला लस टोचली जाई. दारावर अहोरात्र पहारेकरी बसवला जाई. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो लस घ्यायला लावी. कडे बांधल्यानंतर तीन आठवडे उलटूनही गावात नवा रुग्ण आढळला, तर कोणीतरी सुटले आहे असा त्याचा अर्थ होता.

खरी कसोटी शोधाची

न सापडलेल्या रुग्णाभोवती कडे बांधता येत नाही. ऑक्टोबर १९७३ पासून कर्मचारी देवीच्या रुग्णाचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरोघरी फिरू लागले आणि नोंदीत नसलेले हजारो रुग्ण उजेडात आले. त्यामुळे आकडे फुगले व मोहीमच फसल्याचा समज झाला. १९७४च्या उन्हाळ्यात बिहार सरकार पुन्हा सरसकट लसीकरणाकडे वळण्याच्या बेतात होते. फेगी यांच्या आठवणीनुसार, तेव्हा एका बैठकीत एका तरुण भारतीय डॉक्टरने सांगितले की, गावात घराला आग लागली तर पाणी त्याच घरावर ओततात, साऱ्या गावावर नव्हे. मोहिमेला मुदत मिळाली आणि पुढील महिन्यांत रुग्णसंख्या उतरू लागली. रुग्ण कमी झाल्यावर प्रत्येक रुग्णाची खबर देणाऱ्याचे बक्षीस वाढवत एक हजार रुपयांपर्यंत नेण्यात आले.

या यशाला काळी बाजूही होती. कड्यात एकही जण सुटता कामा नये, या आग्रहापोटी काही ठिकाणी रात्री घरात शिरून, विरोध मोडून लस टोचण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेने मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. हीच पद्धत २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या लसीच्या चाचणीसाठी वापरण्यात आली. कोविडमध्ये मात्र लक्षणे दिसण्यापूर्वीच संसर्ग पसरत असल्याने असे कडे बांधणे अवघड ठरले. रुग्ण ओळखेपर्यंत विषाणू कड्याबाहेर गेलेला असे.