पेज ‘ब्लॉक’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

फेसबुक पेजवर एखादी अडचण आली की ते चालवणारे बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात : ‘पेज ब्लॉक झालं.’ प्रत्यक्षात पेज जागेवर असतं, जुन्या पोस्ट दिसत असतात, ग्राहकांचे निरोपही येत असतात. बंद झालेली असते ती त्यातली एखादी सोय. कोणती, कशामुळे आणि कधीपर्यंत, हे फेसबुकच्या नोटिशीत लिहिलेलं असतं. ती नोटीस मुळात शोधायची कुठे, इथूनच सुरुवात करू.

फोनवर आधी आपल्या वैयक्तिक खात्यातून पेजच्या प्रोफाइलवर जायचं. मग Professional dashboard उघडून त्यात Page status शोधायचं. याच सोयीला पूर्वी Page Quality म्हणत आणि ती २०१९ च्या सुरुवातीला आली. बटणांच्या जागा अधूनमधून बदलतात, म्हणून सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत हेच शब्द टाकावेत. जाहिरातींचा कारभार मात्र वेगळ्या पानावर आहे. संगणकावर business.facebook.com/accountquality हा पत्ता टाकला की आपल्याशी जोडलेली पेजं, जाहिरात खाती आणि व्यवसाय खाती यांची स्थिती स्वतंत्रपणे दिसते. या पानाचं जुनं नाव Account Quality, आताचं Business Support Home.

एकाच धंद्याची स्थिती दोन ठिकाणी का पाहायची? कारण निर्बंध नेमका कोणावर आला, यावर पुढचं सगळं ठरतं. तो पेजवर असू शकतो, जाहिरात खात्यावर असू शकतो किंवा पेज सांभाळणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक प्रोफाइलवरही असू शकतो. पेज निर्दोष असलं, तरी प्रोफाइलला जाहिरात करायला मनाई असेल तर ‘बूस्ट’चं बटण दाबून उपयोग होत नाही. अशा वेळी पेजवरच्या पोस्ट काढत बसणं म्हणजे मीटर बंद असताना बल्ब बदलत राहणं.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एक बाई घरगुती मसाल्यांचं पेज चालवतात. दिवाळीआधी त्यांनी फराळाच्या ऑर्डरची एकच जाहिरात, एकाच मजकुरात, एका संध्याकाळी वीस-पंचवीस गटांत टाकली. दुसऱ्या दिवशी गटात पोस्ट जाईना. पेजची स्थिती उघडली, तर एक पोस्ट स्पॅम म्हणून काढल्याची नोंद आणि खाली निर्बंधांची यादी दिसली.

ही यादी चार प्रश्न मनात ठेवून वाचावी. पहिला, निर्बंध कोणावर? इथे पेजवर. दुसरा, काय बंद? इथे गटांत पोस्ट टाकणं. अशा यादीत इतरही गोष्टी येऊ शकतात : लाइव्ह व्हिडिओ करता न येणं, जाहिरात देता न येणं, पेजवरून पैसे मिळवता न येणं, किंवा पेजची शिफारस नव्या लोकांना न होणं. शेवटचा निर्बंध सगळ्यात फसवा. तिथे कुठलंच बटण बंद होत नाही, पण आधीपासून पेजशी जोडलेल्यांपलीकडे पोहोच आटते आणि मालक मजकुराला दोष देत बसतो. तिसरा प्रश्न, कधीपर्यंत? बहुतेक तात्पुरत्या निर्बंधांपुढे तारीख असते. चौथा, कोणत्या मजकुरामुळे? नोंद उघडली की काढलेली पोस्ट आणि मोडलेला नियम दिसतो.

आपल्या या बाईंच्या नोटिशीत फक्त गटांचा उल्लेख आहे. म्हणजे स्वतःच्या पेजवर पोस्ट टाकणं, ऑर्डर घेणं, निरोपांना उत्तर देणं चालूच राहणार. त्यांनी तारीख उलटेपर्यंत थांबायचं आणि पुढे गटागणिक थोडं थोडं, तिथल्या लोकांना उपयोगी पडेल असं लिहायचं. घाईने दुसरं पेज काढून तीच जाहिरात तिथून पसरवली, तर निर्बंध चुकवल्याचा नवा ठपका येऊ शकतो.

इथे ‘स्ट्राइक’चा हिशेबही समजून घ्यायला हवा. २०२३ मध्ये मेटाने वैयक्तिक खात्यांसाठीची शिक्षेची पद्धत बदलली. पहिल्या स्ट्राइकला ताकीद मिळते. दोन ते सहा स्ट्राइकपर्यंत गटात पोस्ट टाकण्यासारखी एखादी सोय ठरावीक काळ बंद होऊ शकते. सातव्याला एक दिवस, आठव्याला तीन, नवव्याला सात आणि दहाव्यापासून तीस दिवस नवा मजकूर टाकता येत नाही. स्ट्राइक वर्षभराने बाद होतो. गंभीर गुन्ह्यांना मात्र ही पायरी लागू नाही, तिथे खातं थेट बंद होऊ शकतं. पेजवर टाकलेल्या मजकुराचा भार पेज आणि टाकणारी व्यक्ती, दोघांवरही पडू शकतो. म्हणून पेजची चावी भाच्याच्या किंवा एजन्सीच्या हाती दिली असेल, तर त्यांनी काय टाकलं ते पाहणं मालकाच्याच हिताचं आहे.

निर्णय चुकीचा वाटला तर त्या नोंदीपाशीच Request review किंवा निर्णय मान्य नसल्याचा पर्याय असतो. तो दिसत नसेल, तर त्या निर्णयाला तिथून आव्हान देता येत नाही. पोस्ट तथ्यतपासणी संस्थेने खोटी ठरवली असेल, तर वाट वेगळी आहे. तेव्हा चूक दुरुस्त करून किंवा पुरावा देऊन थेट त्या संस्थेकडे दाद मागायची असते. तिथून निकाल बदलला की पेजवरचा ठपकाही हटतो.

भारतात याच्या पुढचीही पायरी आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने साधारण तक्रारीची २४ तासांत पोच देऊन ती ७ दिवसांत निकाली काढायची असते. त्याचं उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत gac.gov.in या संकेतस्थळावर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. त्यासाठी नोटिशीचे आणि काढलेल्या पोस्टचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी तारखेसह जपून ठेवावेत.

नोटीस कुठे असते हे माहीत असण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. ‘तुमच्या पेजने नियम मोडला आहे, २४ तासांत कायमचं बंद होईल, खालच्या लिंकवर खात्री करा’ असे निरोप मेसेंजरवर किंवा पेजला टॅग करून येत असतात. पाठवणाऱ्याचं नाव सपोर्ट टीमसारखं, सोबत मेटाचं चिन्ह. लिंक उघडली की हुबेहूब फेसबुकसारखं पान पासवर्ड आणि फोनवर आलेला कोड मागतं. तो दिला की पेज परक्याच्या ताब्यात जातं. खरी कारवाई झाली असेल, तर तिची नोंद पेजच्या स्थितीत किंवा Business Support Home मध्ये दिसेल. तिथे काहीच नसेल, तर तो निरोप लबाडाचा समजावा.

म्हणून निरोपातली लिंक कधीही दाबू नका. स्वतःच्या हाताने पेजची स्थिती उघडा, निर्बंध कोणावर, कशावर आणि कधीपर्यंत हे वाचा, आणि मगच फेरतपासणी मागायची की तारखेची वाट पाहायची ते ठरवा.